टीव्हीची तारीख आधी बघा

> फोनवर सगळं चालतंय, टीव्हीवर मात्र अ‍ॅप उघडलं की नेटवर्क एरर. राउटर बंद-चालू करून झाला.

वर सगळ्यांनी राउटर आणि कॅशेबद्दल लिहिलंच आहे, पण सेटिंग्जमध्ये जाऊन टीव्हीची तारीख आधी बघा. इथे नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या शेजारच्या काकूंकडे हेच झालं होतं. पावसात रात्री लाइट गेली, सकाळी टीव्ही लावला तर वाय-फाय ‘कनेक्टेड’, पण एकही अ‍ॅप चालेना. तारीख बघितली तर टीव्ही चक्क 2018 मध्ये!

अ‍ॅप सर्व्हरशी जोडताना त्याचं प्रमाणपत्र तपासतं. त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. टीव्हीच्या हिशोबाने ते अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून अ‍ॅप जोडणी तोडतं आणि नेटवर्क एरर दाखवतं. फोनला वेळ मोबाइल नेटवर्कवरूनही मिळते, त्यामुळे तो सहसा चुकत नाही.

ऑटोमॅटिक वेळ बंद करा, तारीख-वेळ हाताने भरा, टाइम झोन कोलकाता ठेवा आणि अ‍ॅप पुन्हा उघडा. काकूंचं तेवढ्यावरच चालू झालं. नंतर ऑटोमॅटिक परत चालू करा. वेळ पुन्हा बिघडली तर टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. तिथे वेळ बरोबर आली, तर तुमच्या राउटरवर किंवा लाइनवर बहुधा UDP पोर्ट 123 अडतोय, वेळ सहसा तिथूनच येते. प्रोव्हायडरला नेमकं हेच सांगा.

तारीख बरोबर असेल आणि एकच अ‍ॅप अडत असेल, तर मात्र हे कारण नाही. ते अ‍ॅप अपडेट करून बघा.