सहावा आठवडा, तपकिरी स्पॉटिंग, एका बाजूला दुखतंय. थांबू की जाऊ?

रुजुता
पाळी चुकल्यावर घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहा आठवडे होऊन गेलेत, पण माझी पाळी ३५ दिवसांनी येते, त्यामुळे हा हिशोब किती खरा कोण जाणे. सोनोग्राफी अजून झालेली नाही, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. कालपासून तपकिरी डाग दिसतायत. पुसताना दिसतं एवढंच, पॅड लागेल असं नाही. ओटीपोटात उजवीकडे दुखतंय. सहन होण्यासारखं आहे, पण पाळीत मधोमध दुखतं तसं नाही. सासूबाई म्हणतात पडून राहा, नवरा म्हणतो आत्ता दाखवू. इतक्याशा डागांसाठी धावत गेले तर डॉक्टर हसतील का? कुणाला असं झालं होतं का?

मनवा
अगं घाबरू नकोस, हे खूप कॉमन आहे. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एकीला थोडंफार रक्त दिसतंच. गर्भ रुजताना होतं ते. तपकिरी म्हणजे जुनं रक्त. लाल, गाठींसकट जायला लागलं तरच धावायचं. तोवर आराम कर आणि नेटवर वाचत बसू नकोस.

श्रीपाद
माझ्या बायकोला असाच त्रास झाला होता. वार खाली होती, त्यामुळे रक्तस्राव. पूर्ण विश्रांती आणि शेवटी सिझेरियन. तुमची वार कुठे आहे ते रिपोर्टमध्ये बघा.

रुजुता
श्रीपाददादा, माझा सहावाच आठवडा आहे हो. वार वगैरे अजून काही नाही.

श्रीपाद
सॉरी, सहावा महिना वाचलं.

पूर्वा
मला नवव्या आठवड्यात चक्क लालभडक गेलं होतं, लहान गाठीही होत्या. मी तर धरूनच चालले की संपलं. सोनोग्राफीत बाळाचे ठोके व्यवस्थित, आणि गर्भाच्या पिशवीलगत थोडं रक्त साठलेलं. पुढे आठवडाभर तपकिरी जात राहिलं आणि थांबलं. लेक आता शाळेत जाते. तुझे तर नुसते डाग आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी कमी. सगळं ठीक होईल बघ.

डॉ_कल्याणी
रुजुता, आजच दाखवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी स्त्रीरोग विभागात काम करते. पूर्वा आणि मनवा चूक सांगत नाहीयेत, पण तुमची गोष्ट वेगळी आहे. पूर्वाच्या सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात आहे हे डोळ्यांनी दिसलं होतं, ठोकेही होते. एकदा ठोके दिसले की मग रक्त गेलं तरी बहुतेक गर्भ पुढे जातात. तुमचा गर्भ कुठे आहे हेच अजून कुणी पाहिलेलं नाही. त्यात दुखणं एका बाजूला आहे.

शंभरातल्या एक-दोन गर्भारपणांत गर्भ गर्भाशयाऐवजी बाहेर, बहुतेक वेळा नळीत रुजतो. अशा वेळी खालून जे जातं ते नळीतलं रक्त नसतं. हार्मोन पुरेसं वाढत नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर थोडं थोडं सुटत असतं, ते थोडंसं, बरेचदा तपकिरी, पाणचट दिसतं. नळी फुटली तर रक्त पोटात साठतं, बाहेर येत नाही. म्हणून पॅडवर किती दिसतंय यावरून धोका मोजता येत नाही. नुसते डाग असलेली बाई चक्कर येऊन पडल्यावर आमच्याकडे आणली जाते, हे आम्ही पाहतो.

मनवा, 'लाल असेल तरच धावायचं' हा नियम म्हणूनच धोकादायक आहे. लाल-तपकिरी यावरून रक्त ताजं की जुनं एवढंच कळतं. ते कुठून आणि का येतंय ते कळत नाही.

मनवा
बरं, हे मला माहीत नव्हतं. मग प्रत्येक डागाला हॉस्पिटल गाठायचं का? अशाने सगळ्या बायका तिथेच बसून राहतील.

डॉ_कल्याणी
नाही. संबंधानंतर किंवा आतून तपासणी झाल्यावर एखादा दिवस डाग दिसणं अगदी नेहमीचं आहे, कारण या दिवसांत गर्भाशयाच्या तोंडाशी रक्तपुरवठा वाढलेला असतो. गर्भ जागेवर आहे हे पाहिलेलं असेल, दुखत नसेल, नुसते डाग असतील, तर फोन करून दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. गर्भ कुठे आहे ते माहीत नसताना दुखतंही असेल, तर त्याच दिवशी.

रात्री-अपरात्री लगेच निघायची वेळ कुठली तेही सांगते. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि पुढच्या तासालाही तसंच चाललंय. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, छातीत धडधड. पोटात एकदम जोराची कळ. खांद्याच्या टोकाशी दुखणं, विशेषतः आडवं झाल्यावर. पोटात साठलेलं रक्त वरच्या पडद्याला लागलं की तिथे दुखतं, आणि बायका बाम चोळत बसतात. सारखं शौचाला लागल्यासारखं वाटणं, सोबत गरगरणं. ताप किंवा घाण वास येणारा स्राव. यातलं काही असेल तर स्वतः गाडी चालवू नका आणि पोटात काही घालू नका, ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

पूर्वा
मला पूर्ण बेडरेस्ट सांगितली होती आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही. त्यानेच वाचलं असं मला वाटतं. रुजुतानेही त्या सुरू कराव्यात का?

डॉ_कल्याणी
पडून राहिल्याने मिसकॅरेज टळतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दमवणारं काम टाळा, एवढंच. प्रोजेस्टेरॉनबद्दल २०१९ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रक्त जाणाऱ्या सगळ्याच बायकांना सरसकट ठळक फायदा दिसला नाही. आधी मिसकॅरेज झालेल्यांमध्ये मात्र दिसला. कुणाला द्यायचं यावर आजही डॉक्टरांमध्ये एकमत नाही. पण गर्भ कुठे आहे ते कळायच्या आधी स्वतःहून सुरू करू नका. नळीतला गर्भ त्याने गर्भाशयात येत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन नको. आणि पॅड वापरा, म्हणजे किती जातंय ते सांगता येईल.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिथे पोचल्यावर आधी सांगा. निगेटिव्ह गटाला देतात ते अँटी-डी इंजेक्शन इतक्या लवकर द्यायचं की नाही यावर नियम वेगवेगळे आहेत, ते ठरवतील.

रुजुता
जाऊन आले. कुणी हसलं नाही. आतून सोनोग्राफी केली. गर्भाशयात काहीच दिसलं नाही, नळीतही नाही, पोटात रक्त नाही. रक्तातलं गर्भारपणाचं हार्मोन, बीटा एचसीजी, ९८०. डॉक्टर म्हणाल्या, गर्भ लहान असेल, मिसकॅरेज होत असेल किंवा नळीत असेल, आज सांगता येणार नाही. ४८ तासांनी पुन्हा रक्त. म्हणजे नक्की काय समजायचं?

डॉ_कल्याणी
त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलंय. बीटा ९८० असताना गर्भ जागेवर असला तरी सोनोग्राफीत न दिसणं शक्य आहे. तुमची पाळी उशिराची, त्यामुळे आठवडेही कमी असू शकतात. एका आकड्याला म्हणूनच फार अर्थ नाही, दोन आकड्यांमधली चाल बघायची. एवढ्या कमी आकड्यावरून सुरुवात असेल तर गर्भाशयात नीट वाढणाऱ्या गर्भात ४८ तासांत निदान निम्म्याने तरी वाढ अपेक्षित असते. तुमच्या बाबतीत साधारण १४७० च्या पुढे. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये द्या.

मनवा
मला तर 'दुप्पट झालंच पाहिजे' असं सांगितलं होतं.

डॉ_कल्याणी
बरेचदा होतंही दुप्पट. पण नाही झालं म्हणून गर्भ खराब असं धरून औषध देणं घाईचं ठरतं. उलटही आहे, नळीतल्या काही गर्भांत बीटा अगदी नीट वाढतं. आणि आकडा घसरला तरी तो शून्याजवळ येईपर्यंत तपासत राहायचं, कारण नळीतला गर्भही हळूहळू उतरणारा आकडा दाखवू शकतो.

रुजुता
दुसरा आकडा १२९०. वाढला, पण निम्म्याने नाही. डाग तेवढेच, दुखणंही तेवढंच. पुन्हा ४८ तासांनी बोलावलंय. घरात 'वाढलाय ना, मग चांगलंच आहे' असं चाललंय.

डॉ_कल्याणी
घरच्यांना सांगा की वाढ कमी आहे म्हणून डॉक्टर काळजीत आहेत. या दोन दिवसांत घरी एकट्या राहू नका. हॉस्पिटलपासून लांब कुठे जायचं ठरलं असेल तर रद्द करा.

रुजुता
तिसरा आकडा १६१०. या वेळी सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाशेजारी १८ मिलिमीटरची गाठ दिसली, ठोके नाहीत, पोटात रक्त नाही. नळीतलाच आहे. लिव्हर, किडनी आणि रक्ताच्या तपासण्या करून गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं. ऑपरेशनचा पर्यायही समजावला होता, पण गाठ लहान आणि मी ठीक, म्हणून इंजेक्शन. फॉलिक अॅसिड बंद करायला सांगितलंय, आणि निदान तीन महिने गर्भ राहू द्यायचा नाही. रडून झालंय. सासूबाईच आता सारख्या विचारतात, खांदा दुखतोय का.

पूर्वा
फार वाईट वाटलं गं. मी 'सगळं ठीक होईल' म्हटलं होतं.

रुजुता
तू धीर द्यायलाच लिहिलंस. कल्याणीताई, एक विचारायचं होतं. चौथ्या दिवशीचा बीटा १८४० आला. इंजेक्शन घेऊनही वाढला! शिवाय रक्तही आधीपेक्षा जास्त जातंय, पाळीसारखं. फेल गेलं का?

डॉ_कल्याणी
चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसणं नेहमीचं आहे, त्यावरून फेल म्हणत नाहीत. तुलना चौथ्या आणि सातव्या दिवसाची करायची. त्यात निदान १५ टक्के घट हवी, म्हणजे तुमच्यासाठी साधारण १५६५ च्या खाली. तेवढी नसेल तर दुसरं इंजेक्शन किंवा ऑपरेशन याचा विचार होईल. अस्तर सुटतंय म्हणून पाळीसारखं जाणंही अपेक्षित आहे. या दिवसांत पोटात थोडं जास्त दुखूही शकतं. अडचण अशी की नळी फुटतानाचं दुखणं आणि हे दुखणं घरबसल्या वेगळं ओळखता येत नाही. जोरात दुखलं, गरगरलं किंवा खांदा धरला, तर सातव्या दिवसाची वाट न बघता निघा.

मनवा
सातवा कधी?

रुजुता
परवा. आकडा आला की इथेच टाकते.