हंगेरियन ‘ओ’ला मराठीत तो म्हणू की ती? मदत हवी आहे

डॅन्यूबकाठी: नऊ पानांची एक हंगेरियन कथा मराठीत आणतोय. निवेदकाकडे रोज संध्याकाळी एक व्यक्ती येते (बघा, ‘व्यक्ती’ म्हटलं तरी ती बाईच वाटते). पुरुष की बाई, हे शेवटपर्यंत मुद्दाम सांगितलेलं नाही. हंगेरियनमध्ये तो आणि ती या दोघांनाही एकच ‘ओ’, ओठ गोल करून ‘ए’ म्हटल्यासारखा, आणि क्रियापदालाही लिंग नाही. एके दिवशी ती व्यक्ती येत नाही. मूळ वाक्य दोन शब्दांचं. मी ‘आला नाही’ लिहिलं की कथेचा जीव गेला.

मांडवीकाठ: नपुंसकलिंग वापरा की! आमच्या कोंकणीत तरुण मुलीलाही ‘तें आयलें’ म्हणतात.

डॅन्यूबकाठी: म्हणजे कोंकणीत ते मुलीचंच झालं ना! आणि मराठीत ‘ते आलं’ म्हटलं की लेकरू दिसतं, नाहीतर तुच्छता.

शब्दगाठोडं: बंगालीतही ‘शे’ दोघांना चालतं. मी तीन कथा केल्या, नावावरून कळतं. लेखकाला विचारून टाका ना.

डॅन्यूबकाठी: कोण आहे हे मला शोधायचं नाही हो, लपवायचं आहे.

व्याकरणवेडी: रीतिभूतकाळ घ्या. ‘सहाला येई, कोट खुंटीला अडकवी, खिडकीपाशी बसे.’ तो की ती, कळणारच नाही. ‘येईल’ आणि ‘येत नाही’सुद्धा सुरक्षित. अडचण एकदाच घडलेल्या गोष्टीची. तिथे सकर्मक क्रियापद शोधा, म्हणजे ते कर्माप्रमाणे चालतं. ‘म्हणाला’ऐवजी ‘सांगितलं’. पण कर्ता लिहायचा झाला तर ‘त्याने’ किंवा ‘तिने’ येणारच, म्हणून तो गाळा, नाहीतर ‘त्यांनी’ करा. ‘त्यांनी’ला लिंग नाही. मात्र कर्ता प्रथमेत आला की ‘ते आले’, ‘त्या आल्या’, पुन्हा तेच. तुमच्या दोन शब्दांसाठी मी लिहीन, ‘एके दिवशी खुर्ची रिकामीच राहिली.’

आणि निवेदकाचं काय? ‘मी थांबलो’ की ‘मी थांबले’? तिथेही मूळात लिंग नसणार.

डॅन्यूबकाठी: अरे देवा, ते लक्षातच आलं नव्हतं! पहिल्याच पानावर ‘मी बसलो’ लिहून ठेवलंय.

शब्दगाठोडं: नऊ पानं ‘येई, बसे’ वाचून मला आजीच्या गोष्टी आठवतील.

व्याकरणवेडी: ते खरंय. म्हणून नेहमीच्या गोष्टींपुरतंच वापरा.

डॅन्यूबकाठी: पहिलं पान तसं करून पाहिलं. कोट, खुंटी, खिडकी झकास उतरलं. ‘बसलो’च्या जागी ‘मी खुर्ची ओढली’ केलं, तेही चाललं. शेवटी मात्र अडलो. तिथे निवेदक त्या व्यक्तीवरच्या प्रेमाची कबुली देतो. ‘माझं त्यांच्यावर प्रेम होतं’ म्हटलं तर लिंग लपतं, पण इतक्या जवळच्या माणसाला एकदम अहोजाहो होतं. ‘माझं प्रेम होतं’ एवढंच ठेवलं तर कोणावर, ते हरवतं.

मांडवीकाठ: ‘माझं प्रेम होतं, त्या रिकाम्या खुर्चीवर’?

व्याकरणवेडी: खुर्चीवर नको. हंगेरियनमध्ये ते माणसावर आहे.