मदत हवी आहे : उताराच्या सहा एकरांतून मातीचे नमुने किती आणि कुठून घ्यावेत?

सांवेरकर
इंदूरजवळ, सांवेरच्या बाजूला आमचं सहा एकर शेत आहे. वरचे दोन एकर मुरमाड, खाली खोल काळी माती. मध्ये दीड एकर चुलतभावाकडून घेतलेलं, तिथे वर्षानुवर्षे बटाटा व्हायचा आणि खताला हात आखडता नसायचा. बाकी सगळीकडे सोयाबीन-गहू. खालच्या कोपऱ्यात पूर्वी गोठा होता.
मागच्या वर्षी शेतभर फिरून वीस ठिकाणची माती मिसळली आणि एकच नमुना दिला. स्फुरद हेक्टरी १८ किलो आला, म्हणजे मध्यम. त्याप्रमाणे सगळीकडे सारखं डीएपी टाकलं. वरचं सोयाबीन खुरटंच राहिलं, बटाट्याच्या जागी तर खत टाकल्याचा काही फरक दिसला नाही. आता गहू निघाला आहे. चार नमुन्यांचे पैसे आहेत. कसे वाटू?

नर्मदाकाठ
दादा, वीस ठिकाणं कमी पडली. नागमोडी चालत चाळीस ठिकाणांहून माती घ्या आणि नीट मिसळा. आकडा पक्का येईल.

मृदामित्र
नागमोडी चालणं बरोबर, पण चाळीस ठिकाणं घेऊनही आकडा १८ च्या आसपासच येईल. समजा वरच्या दोन एकरांत स्फुरद ७ आहे, बटाट्याच्या दीड एकरात ४० आणि खालच्या अडीच एकरात १४. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढली तर १८ येते. आणि १८ असलेली जमीन तुमच्या शेतात कुठेच नाही! १० च्या खाली कमी आणि २५ च्या वर जास्त धरतात. म्हणजे वर खत हवं होतं, बटाट्याच्या जागी ते वाया गेलं.
म्हणून आधी शेताचे तुकडे पाडा, मग प्रत्येकाचा वेगळा मिश्र नमुना करा. उताराचे तीन टप्पे आणि जुन्या वापराचे दोन प्रकार धरून सहा तुकडे करायला जाऊ नका. ज्याला वेगळं खत देणार नाही, तो तुकडा वेगळा तपासून उपयोग नाही. तुमचे तीनच होतात : मुरमाड, बटाट्याचा, खालचा काळा.
प्रत्येकात पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा, १५ सेंटीमीटर खोल. भिंतीवरून वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती काढा, साधारण दोन बोटं. वर जाड आणि खाली निमुळती आली तर वरच्या थरातलं खत नमुन्यात जास्त येतं. प्लास्टिकची बादली घ्या, जस्त चढवलेली नको, नाहीतर जस्ताचा आकडा बिघडेल. सगळं मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत.

तुळशीवृंदावन
माझ्या लसणाची पानं पिवळी पडतात. हेच कारण असेल का? गंधक टाकू?

मृदामित्र
ताई, त्याला वेगळा धागा काढा, पानांचे फोटो टाका. इथे नमुना कसा घ्यायचा एवढंच चाललंय.

सांवेरकर
गोठ्याची जागा खालच्या तुकड्यात धरू का? आणि चौथा नमुना?

मृदामित्र
गोठा पूर्ण सोडा, बांध आणि झाडाखालची जागाही. पंधरापैकी चौदा ठिकाणी ८ आणि गोठ्याच्या एका ठिकाणी १५० असेल, तर सरासरी साडेसतरा होते. एका खड्ड्याने अख्खा तुकडा कमीतून मध्यमात जातो.
चौथा नमुना मुरमाडाचाच दुसऱ्यांदा घ्या, नवे पंधरा खड्डे काढून. मिश्र नमुन्यात आतला चढउतार दिसत नाही. दोन्ही आकडे जवळ आले तर विश्वास ठेवा. ७ आणि १६ असे आले, तर तो तुकडा एकजिनसी नाही.
एक सांगून ठेवतो : वरचं खुरटेपण फक्त स्फुरदाचं असेलच असं नाही. उथळ मातीत पाणी टिकत नाही, त्याला खताने उतारा नाही.

नर्मदाकाठ
माझं चुकलंच म्हणायचं. पण मुरमाड संपतो कुठे, हे दादांना कसं कळेल?

मृदामित्र
कुदळीने उताराच्या रेषेत दर वीस पावलांवर खणा आणि मुरूम किती खोलवर लागतो ते लिहून ठेवा.

सांवेरकर
आज खणलं. वर वीतभर खाली मुरूम, बटाट्याच्या शेजारी दोन हातांवरही नाही. पण मधल्या वीस-पंचवीस पावलांत कुठे लागतो, कुठे नाही. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरने सपाटीकरण केलं होतं, तेव्हा वरची माती इथे ओढली गेली.

मृदामित्र
तो पट्टा या वर्षी कुठल्याच नमुन्यात धरू नका. त्याला खत मुरमाडाप्रमाणे द्यायचं की काळ्या मातीप्रमाणे, हे मी इथून सांगू शकत नाही. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि पीक उभं राहिलं की कुठली बाजू कशी दिसते ते इथे लिहा.