आययूआय : एका सायकलकडून किती अपेक्षा ठेवावी?

ज्यांनी आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, केला आहे, त्यांनी तो कोणत्या रिपोर्टांवरून ठरला आणि यशाचे प्रमाण काय सांगितले गेले, ते कृपया लिहावे.

शर्वरी : माझे वय 31, पीसीओएसमुळे पाळी अनियमित, एचएसजी या एक्स-रे तपासणीत दोन्ही बीजवाहक नळ्या मोकळ्या आणि नवऱ्याचा रिपोर्ट ठीक होता. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोलच्या गोळ्या घेतल्यावर सोनोग्राफीने फॉलिकलची, म्हणजे बीज असलेल्या पिशवीची, वाढ पाहत राहिले, ते 18 मिमीच्या पुढे गेल्यावर बीज बाहेर पडण्यासाठी ट्रिगरचे इंजेक्शन दिले आणि सुमारे 36 तासांनी आययूआय केले. प्रत्यक्ष प्रक्रिया काही मिनिटांचीच असते. शंभर जोडप्यांमागे एका सायकलमध्ये दहा ते पंधरा जणींना दिवस राहतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

निखिल : आम्हाला 12 टक्के सांगितले, म्हणजे तीन सायकलींत 36 टक्के झाले. मग आयव्हीएफची घाई कशाला?

मंजिरी (अँड्रॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते) : टक्के असे बेरजेने वाढत नाहीत. दर वेळी अपयशाची शक्यता 88 टक्के धरली, तर तिन्ही वेळा अपयश येण्याची शक्यता सुमारे 68 टक्के होते, म्हणजे यश 32 टक्क्यांच्या आसपास. आणि हेही प्रत्येक सायकल सारखीच धरली तर. बहुतेक गर्भधारणा पहिल्या तीन-चार सायकलींतच होतात, त्यामुळे त्यापुढे तेच करत राहण्यात फारसा अर्थ नसतो. चाळिशीनंतर तर प्रमाण साधारण पाच टक्क्यांच्याही खाली जाते.

रिपोर्टमध्ये लोक नेमका चुकीचा आकडा वाचतात. समजा, नमुना 2 मिली आहे, प्रति मिली 2 कोटी शुक्राणू आहेत आणि त्यांपैकी 40 टक्के हलणारे आहेत. म्हणजे हलणारे एकूण 1 कोटी 60 लाख. वॉश केल्यावर, म्हणजे प्रयोगशाळेत वीर्यातून चांगले शुक्राणू वेगळे काढल्यावर, त्यांतले 60 लाखच हाती लागू शकतात, आणि आययूआयसाठी हाच आकडा महत्त्वाचा असतो. तो 50 लाखांखाली असेल तर शक्यता कमी होते आणि 10 लाखांखाली असेल तर फारच कमी.

सायली : मला आकड्यांतले कळत नाही, पण उतावीळपणे आठवड्याभरातच घरी टेस्ट केली तर दोन रेघा आल्या आणि नंतर पाळी आली. टेस्ट जे एचसीजी हार्मोन ओळखते, ते ट्रिगरच्या इंजेक्शनमधले होते. दोन आठवडे थांबलेले बरे. आययूआय झाल्यावर दिवसभर झोपून राहावे का?

मंजिरी : दिवसभर नक्कीच नको. दहा-पंधरा मिनिटे पडून राहण्याचा फायदा होतो की नाही, यावर अभ्यासांचे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत.

अनघा : माझी डावी नळी बंद आहे आणि या वेळी फॉलिकलही डावीकडेच वाढले आहे. एक डॉक्टर सायकल सोडा म्हणतात, दुसरे करून पाहा म्हणतात.

मंजिरी : डावीकडचे बीज उजवी नळी कधीकधी उचलते, म्हणून दोघांचेही म्हणणे टिकते. मात्र नळीत पाणी भरले असेल तर प्रश्नच वेगळा होतो. तुमची नळी गर्भाशयाजवळ बंद आहे की टोकाला?

अनघा : एचएसजीच्या रिपोर्टमध्ये फक्त ‘बंद’ लिहिले आहे. फिल्म घेऊन जाऊन विचारते.