मदत हवी आहे: क्रेडिट कार्डाचं बिल ₹2,000 ने थकलं, आता नव्या खरेदीवर व्याज कधी थांबेल?

कार्डाचं बिल दर महिन्याच्या 12 तारखेला बनतं, व्याजदर महिना 3.5 टक्के. जूनच्या बिलात ₹40,000 होते. मुदतीत ₹38,000 भरले, ₹2,000 राहिले. मग 5 जुलैला ₹30,000 चा फ्रिज घेतला.

फ्रिजचे पैसे ऑगस्टपर्यंत बिनव्याजी, असं वाटणं साहजिक आहे. पण मागच्या बिलातली छोटीशी रक्कमही बाकी असली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाते. त्यामुळे फ्रिजवर 5 जुलैपासूनच व्याज धावतंय: 30,000 × 42% ÷ 365, म्हणजे रोज साधारण ₹34.50. 12 तारखेच्या बिलापर्यंत 8 दिवसांचे सुमारे ₹276, वर त्यावर 18 टक्के जीएसटी. ‘किमान रक्कम’ भरली तर फक्त उशिराचा दंड वाचतो, व्याज नाही.

जुलैचं बिल 1 ऑगस्टला पूर्ण भरलं, तरी 13 जुलैपासूनच्या 20 दिवसांचं, म्हणजे ₹690 च्या आसपास व्याज पुढच्या बिलात येणारच. म्हणून मुदतीची वाट न पाहता आजच सगळी बाकी भरायचं ठरवलंय.

अडतंय ते इथे: आज पूर्ण बाकी भरली, तर उद्याच्या खरेदीला बिनव्याजी मुदत लगेच मिळते, की आधी एक बिल पूर्ण भरलेलं दिसावं लागतं? बँकेच्या ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’मध्ये याबद्दल नेमकं वाक्य कोणत्या मथळ्याखाली शोधावं? तोवर किराणा डेबिट कार्डानेच चालू आहे.