आजी (वय ८९) दोन दिवसांत एकदम खचली, पडलीसुद्धा. ताप नाही, तरी फ्लू असू शकतो का?

निशिगंध

मदत हवी आहे. आजी ८९ वर्षांची. गेल्या आठवड्यापर्यंत काठी टेकत घरभर फिरायची, अंघोळ स्वतः करायची. परवा सकाळपासून तिला पलंगावरून उठवेना. ताट पुढे केलं तर दोन घास खाऊन बाजूला सरकवते, "नको गं, इच्छाच नाही" म्हणते. काल पहाटे बाथरूमच्या दारात पडली. आवाज ऐकून मी धावले तेव्हा कुशीवर पडलेली होती आणि एक हात चौकटीला घट्ट धरलेला. कशी पडलीस विचारलं तर सांगता येईना.

खोकला अगदी किरकोळ, सर्दी नाही. काल दुपारी काखेत थर्मामीटर लावला तर ९८.८ आला. घरी येऊन तपासून गेलेले डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, अशक्तपणा आहे, टॉनिक द्या." पण माझ्या मुलाला पाच दिवसांपूर्वी ताप-खोकला होता आणि तो रोज तिच्याजवळच बसायचा, म्हणून शंका येते. माणूस दोन दिवसांत असा म्हातारा होतो का?

गोळ्या: बीपीची एक, पायांच्या सुजेसाठी लघवी होण्याची एक, मधुमेहाची एक, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल सकाळ-संध्याकाळ.

वाटसरू

ताप नाही म्हणजे फ्लू नाही, फ्लूत माणूस तापाने फणफणतो. या वयात असं अचानक झालं की नव्वद टक्के लघवीचं इन्फेक्शन असतं. लघवी तपासा आणि अँटिबायोटिक सुरू करा. आमच्या शेजारच्या काकूंचं अगदी असंच होतं.

मोकळा श्वास

माझ्या वडिलांना मागच्या वर्षी लस दिली होती, तरी फ्लू झाला. मग लस घ्यायचीच कशाला? यंदा द्यावी की नाही, कोणी सांगेल का?

रात्रपाळी

मी अतिवृद्धांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम करते. निशिगंध, तुमची शंका रास्त आहे.

आधी तापाचं बघू. तिला बरं असताना कधी ताप मोजला होता का? या वयात शरीराचं रोजचं तापमानच कमी असतं, कित्येकांचं ९७ च्याही खाली. म्हणून आम्ही आकड्यापेक्षा नेहमीच्या आकड्याहून किती वाढ झाली ते बघतो. दोन अंश वाढ झाली तर तो आमच्या लेखी ताप. त्यात तुम्ही काखेत मोजलात, तिथे तोंडातल्यापेक्षा कमीच येतं. आणि दिवसातून दोनदा पॅरासिटामॉल चालू आहे, म्हणजे असलेला तापही दबलेला असणार. पुढची गोळी द्यायच्या आधी, तोंड मिटून धरता येत असेल तर जिभेखाली मोजा.

दुसरं, श्वास मोजा. तिला सांगू नका, नाहीतर श्वासाची लय बदलते. ती पडून असताना पांघरूण वरखाली होताना बघत पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. २५ च्या वर गेला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम करून लावा, गार बोटावर आकडा चुकतो.

तिसरं मला सगळ्यात जास्त खटकतंय. पडताना कोणी पाहिलं नाही आणि तिला आठवत नाही, म्हणजे डोक्याला लागलं नाही असं धरता येत नाही. रक्त पातळ करणारी काही गोळी आहे का?

निशिगंध

हो, लिहायची राहिली. हृदयासाठी रक्त पातळ करणारी एक आहे. मागच्या तपासणीच्या जुन्या कागदावर तापमान ९६.८ लिहिलंय. आत्ता गोळीच्या आधी जिभेखाली ९९.२. श्वास २६. दोनदा मोजला.

रात्रपाळी

९६.८ वरून ९९.२ म्हणजे जवळपास अडीच अंश. हा तापच आहे. आजच दवाखान्यात न्या, सकाळची वाट पाहू नका. तिथे तीन गोष्टी स्पष्ट सांगा: घरातल्या मुलाला ताप-खोकला होता, दोन दिवसांत हालचाल थांबली, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडली. फक्त "अशक्तपणा आहे" म्हणालात तर पुन्हा टॉनिकच मिळेल.

मधुमेहाच्या गोळीचंही विचारा. ती जेवत नाहीये. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर खाली जाते आणि माणूस सुस्त होऊन पडतो. आत्ताच एकदा साखर तपासा. लघवीची गोळीही तशीच, पाणी पोटात जात नसताना ती शरीरातलं पाणी काढतच राहते, मग उभं राहताच बीपी उतरतो. पहाटेचं पडणं त्यामुळेही असेल. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

वाटसरू, लघवी तपासायला हरकत नाही. पण या वयाच्या कित्येक बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. रिपोर्टमध्ये ते दिसले की सगळे तिथेच थांबतात आणि खरं कारण राहून जातं. फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही.

मोकळा श्वास, लसीचा वेगळा धागा काढाल का? थोडक्यात सांगायचं तर द्या. म्हातारपणी ती तरुणांइतकी जोरदार काम करत नाही, पण आजार गंभीर होण्याची शक्यता कमी करते.

वाटसरू

जंतू असूनही त्रास नाही, हे मला माहीत नव्हतं. मग काकूंना दर वेळी अँटिबायोटिक का देतात, हे विचारायला हवं.

निशिगंध

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितेय. डोक्याचं सीटी स्कॅन झालं, रक्तस्राव नाही. साखर ६४ होती, सलाईन आणि ग्लुकोज दिलं. नाकातून नमुना घेऊन केलेली झटपट चाचणी निगेटिव्ह आली. तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, "मग फ्लू नाही." मी पीसीआर करायचा आग्रह धरला, नमुना गेलाय. फ्लूची गोळी सुरू करायची का यावर त्यांचं एकमत नाही. त्रास सुरू होऊन ४८ तास उलटलेत, आता उपयोग नाही असं एकजण म्हणतात.

रात्रपाळी

झटपट चाचणीत खरा फ्लू बऱ्याचदा निसटतो. निगेटिव्ह आली तरी फ्लू नाही असं म्हणता येत नाही. पीसीआर बरोबर केलंत.

४८ तासांच्या आत ओसेल्टामिवीर सुरू केली तर सर्वांत जास्त फायदा, हे खरं. पण दवाखान्यात दाखल असलेल्या माणसाला, त्यातही इतक्या वयाच्या, उशीर झाला तरी देतात आणि रिपोर्टची वाटही बघत नाहीत. मोठ्या डॉक्टरांना हे नम्रपणे विचारा. किडनीचा रिपोर्ट बघूनच मात्रा ठरवा म्हणावं, कारण किडनी मंद असेल तर कमी द्यावी लागते.

निशिगंध

पीसीआर पॉझिटिव्ह, इन्फ्लुएंझा ए. रिपोर्ट यायच्या आधी काल रात्रीच गोळी सुरू केली होती, किडनीमुळे कमी मात्रेत. लघवीची गोळी सध्या बंद. आज सकाळी श्वास २० आहे आणि तिने स्वतःहून पाणी मागितलं.

एक मात्र जात नाही. संध्याकाळ झाली की मला आईच्या नावाने हाक मारते, खोलीत नसलेल्या माणसांशी बोलते. डॉक्टर म्हणतात, आजारामुळे आहे, जाईल. कोणाला अनुभव आहे का?

कडूलिंब

माझ्या सासऱ्यांचं छाती मोकळी झाल्यावरही तीन आठवडे असंच चाललं. चष्मा आणि कानाचं यंत्र दिवसभर लावून ठेवलं, त्याने बराच फरक पडला. पूर्वीसारखं मात्र पूर्ण झालं नाही. आजीचा चष्मा दवाखान्यात नेलाय का?

निशिगंध

नाही. घरी उशाशीच राहिला. आत्ता आणायला निघाले.