मदत हवी आहे: लेन्स प्रोफाइल लावूनही सासनकाठीच्या कडेला रंगीत रेघा, आणि फ्रेमची उजवी बाजू सॉफ्ट

शाहूपुरीची_सई

नमस्कार मंडळी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत काढलेल्या फोटोंपैकी एक आमच्या गल्लीतल्या तालमीला मोठा करून हवाय, २० बाय ३० इंच. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल. लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५. फोटो १८ला, f/3.5, रॉ. दुपारी साडेबाराची वेळ, आभाळ पांढरंफेक.

लाइटरूममध्ये `Enable Profile Corrections` ला टिक केली, प्रोफाइल आपोआप बरोबर सापडलं. भिंती सरळ झाल्या, कोपरे उजळले. पण १०० टक्क्यांवर बघितलं की तीन गोष्टी खुपतात.

डाव्या आणि उजव्या टोकाच्या सासनकाठ्यांना एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर-हिरवी रेघ आहे. मधल्या काठीला बांधलेल्या कापडाच्या कडेला मात्र जांभळी झाक आहे, दोन्ही बाजूंनी. आणि फोटोची उजवी बाजू सॉफ्ट आहे. उजवीकडची माणसं तोंडाला पाणी लावून पुसल्यासारखी दिसतात.

जांभळं घालवायला `Defringe` चा `Purple` स्लायडर पार टोकाला नेला. झाक गेली, पण तिच्यासोबत गुलालही गेला! फेट्यांच्या कडा राखाडी पडल्या. गुलालाशिवाय जोतिबाची यात्रा तालमीला दाखवली तर मलाच काठीला बांधतील.

प्रोफाइलच चुकीचं लागलंय का?

पन्हाळ्याचा_पंत

ताई, सोपं आहे. f/8 ला काढायचा. किट लेन्स उघडी टाकली की हे सगळं येणारच. f/8 केलं की रंग पण जातो आणि कडा पण शार्प होतात. सॉफ्टवेअरच्या नादाला लागूच नका.

शाहूपुरीची_सई

पंत, यात्रा झाली ना. आता f/8 कुठून आणू?

इचलकरंजी_एक्सप्रेस

माझ्याकडे पण असंच व्हायचं. मॉनिटरची केबल सैल होती, अक्षरांच्या भोवती गुलाबी कडा दिसायच्या. केबल बदलली, संपला विषय. एकदा मोबाइलवर फोटो टाकून बघा.

शाहूपुरीची_सई

बघितलं. मोबाइलवर पण आहे, आणि १२ बाय १८ची ट्रायल प्रिंट काढली त्यातही आहे.

काचेवरचा_माणूस

सई, प्रोफाइल बरोबर आहे. तुमच्या फोटोत तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तुम्ही एकाच गोळीने तिन्ही बरे करायला बघताय. एकेक घेऊ.

टोकाच्या काठ्यांची लाल-निळी रेघ आधी. लेन्स लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची चित्रं किंचित वेगवेगळ्या आकाराची पाडते. समजा लाल चित्र हिरव्यापेक्षा ०.०५ टक्के मोठं आहे. तुमचा फोटो साधारण ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे मध्यापासून टोक ३००० पिक्सेलवर. तिथे लाल दीड पिक्सेल बाहेर सरकणार, मध्यावर शून्य. म्हणून मधल्या काठीला ही रेघ नाही आणि टोकाच्यांना आहे. उपायही तसाच सरळ आहे: लाल आणि निळं चित्र लहानमोठं करून हिरव्यावर बसवायचं.

आता गंमत बघा. लाइटरूममध्ये `Enable Profile Corrections` ची टिक वाकलेल्या रेषा आणि कोपऱ्यांचा अंधार दुरुस्त करते. रंगासाठी तिच्याजवळच वेगळी टिक आहे, `Remove Chromatic Aberration`. ती तुम्ही केलीच नाही असं लिहिण्यावरून वाटतंय. ती फोटो तपासून स्वतःच सरक ठरवते, त्यामुळे प्रोफाइल नसलेल्या लेन्सलाही चालते.

पंतांचं अर्धं बरोबर आहे. f/8 ने मधली जांभळी झाक कमी होते, कडाही सुधारतात. पण टोकाची लाल-निळी रेघ छिद्र लहान केलं म्हणून जात नाही. उलट बाकीचं चित्र शार्प झालं की ती अजून ठसठशीत दिसते.

शाहूपुरीची_सई

अहो दादा, खरंच ती टिक राहिली होती. केली आत्ता. टोकाच्या काठ्या साफ झाल्या! आणि उजवी-डावी दोन्ही बाजू थोड्या शार्पसुद्धा वाटतायत, की मला भास होतोय?

मधलं जांभळं जसंच्या तसं आहे.

काचेवरचा_माणूस

भास नाही. तीन रंगांची चित्रं एकमेकांवर नीट बसली की बारीक तपशील पुन्हा जुळतो. सॉफ्टपणाचा तेवढा वाटा रंगाच्या सरकण्याचा होता.

मधलं जांभळं वेगळ्या कारणाने येतं. निळा-जांभळा प्रकाश हिरव्याच्याच प्रतलावर फोकस होत नाही, त्यामुळे गडद वस्तूच्या मागे पांढरंफेक आभाळ असलं की कडेवर जांभळा धूर पसरतो. इथे चित्राचा आकार नाही, फोकस चुकलाय. चित्र लहानमोठं करून ते जात नाही, म्हणून प्रोफाइल किंवा ती टिक काही करणार नाही. त्याला `Defringe` च लागतं. पण `Defringe` रंग जुळवत नाही, ठरवलेल्या रंगछटेच्या कडा फिक्या करतं. गुलाल त्याच छटेच्या आसपास बसतो, म्हणून तुमचा गुलाल मेला.

असं करा. `Amount` शून्यावर आणा. फोटो १०० टक्क्यांहून मोठा करा आणि `Defringe` मधल्या पिपेटने कापडाच्या कडेवरच्या जांभळ्यावर क्लिक करा. `Purple Hue` चे दोन दांडे मुळात ३० आणि ७० वर असतात, पिपेट त्यांना हलवेल. मग गुलालाकडचा, म्हणजे उजवीकडचा दांडा हळूहळू आत घ्या. दांडा ओढताना Alt दाबून ठेवलं तर कुठल्या रंगावर परिणाम होतोय ते पडद्यावर कळतं. `Amount` ३-४ पासून चढवा, २०पर्यंत न्यायची गरज क्वचित पडते.

रॉ_नाही_जेपेग

मध्येच घुसतो, माफी असावी. माझे यात्रेचे सगळे फोटो जेपेग आहेत. आपोआप प्रोफाइल सापडत नाही, म्हणून यादीतून तीच लेन्स हाताने निवडली. आता देवळाच्या भिंती आतल्या बाजूला वाकल्यात आणि कोपरे मध्यापेक्षा उजळ झालेत. लेन्स बिघडली का?

काचेवरचा_माणूस

लेन्स ठीक आहे. कॅमेऱ्याने जेपेग बनवतानाच दुरुस्ती केली होती, तुम्ही तिच्यावर दुसरी चढवलीत. भिंती आत वाकणं आणि कोपरे जादा उजळ होणं हीच त्याची खूण. प्रोफाइलची टिक काढा. रंगाची रेघ उरली असेल तर `Remove Chromatic Aberration` तेवढी ठेवा.

शाहूपुरीची_सई

दादा, दांडा ७० वरून ५८ पर्यंत आत घेतला, `Amount` ५. कापडाची कड जवळपास साफ. गुलाल ८० टक्के परत आला, पण पुढच्या एका काकांच्या फेट्याची कड अजून राखाडीच आहे.

गंगावेशची_गौरी

सई, त्या फेट्यावर ब्रशने मास्क कर आणि मास्कमधला `Defringe` उणे १०० वर ने. तेवढ्या भागाला मोठ्या `Defringe` पासून सूट मिळते. मी लग्नाच्या अल्बममध्ये जांभळ्या शालूच्या काठासाठी नेहमी हेच करते. नाहीतर नवरीची आई फोन करते, काठाचा रंग उडाला म्हणून.

शाहूपुरीची_सई

गौरीताई, लई भारी! काका परत गुलालात न्हाले.

आता उरली उजवी बाजू. डावी बरी आहे, उजवी अजून पुसट. शार्पनिंग वाढवलं तर फक्त दाणे वाढले.

पन्हाळ्याचा_पंत

मग प्रोफाइल बंद करून बघा. ते कोपरे ताणतं.

काचेवरचा_माणूस

हे पंतांचं बरोबर. १८ ला रेषा बाहेर फुगतात. त्या सरळ करायला प्रोफाइल कोपऱ्यातले पिक्सेल बाहेर ओढतं, आणि ओढलेलं चित्र थोडं मऊ होतंच. कोपरा उजळल्यामुळे दाणेही वर येतात. यात्रेच्या गर्दीत सरळ भिंत महत्त्वाची नसेल तर प्रोफाइलच्या `Distortion` चा स्लायडर १०० वरून ४०-५० वर आणा.

पण त्याने दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असत्या. एकच बाजू सॉफ्ट असेल तर प्रोफाइलचा दोष नाही, आणि प्रोफाइलकडे औषधही नाही. प्रोफाइल लेन्स मध्याभोवती सगळीकडून सारखी आहे असं धरून चालतं. दोन शक्यता राहतात. एक, उजवीकडची माणसं तुमच्या फोकसपेक्षा बरीच जवळ उभी होती. दोन, लेन्समधली एखादी काच तिरकी बसलीय. लेन्स कधी पडली होती का?

शाहूपुरीची_सई

...मागच्या वर्षी बिंदू चौकात गाडीवरून बॅग पडली होती. तेव्हा काही झालं नाही असं वाटलं.

काचेवरचा_माणूस

मग तपासा. सकाळी लवकर रंकाळ्यावर जा, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि सगळंच सॉफ्ट दिसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, १८ ला, पलीकडच्या काठावर मध्यावर फोकस करून मॅन्युअलवर टाका. f/3.5 आणि f/8 ला एकेक फोटो. मग फोकसला हात न लावता कॅमेरा उलटा धरून परत दोन. काठ फ्रेमच्या मध्यातून जाऊ द्या, म्हणजे दोन्ही टोकांना सारख्याच लांबची झाडं येतील.

उलट्या धरलेल्या फोटोत सॉफ्टपणा फ्रेमच्या उजवीकडेच राहिला, म्हणजे आता दुसरीच झाडं पुसट झाली, तर लेन्स दोषी. तीच झाडं पुसट राहिली तर दोष देखाव्याचा.

शाहूपुरीची_सई

आज सकाळी जाऊन आले. चौपाटीवर उलटा कॅमेरा धरून बसले होते, फिरायला आलेल्या दोन आजोबांनी विचारलं, "पोरी, बिघडलाय का?"

निकाल: f/3.5 ला सॉफ्टपणा दोन्ही वेळा फ्रेमच्या उजवीकडेच. f/8 ला बराच सुधारला, पण डाव्याइतका नाही.

काचेवरचा_माणूस

काच तिरकी आहे. पुढच्या वेळी या लेन्सवर f/8 धरा आणि महत्त्वाचं माणूस उजव्या टोकाला ठेवू नका.

गंगावेशची_गौरी

या फोटोत उजवीकडचा थोडा भाग कापता येईल का? ती टोकाची काठी अर्धी गेली तरी चालेल असं मला वाटतं.

काचेवरचा_माणूस

माझं मत उलट. काठी अर्धी कापू नका, तिरपी काठीच त्या फोटोचा तोल आहे. २० बाय ३० ची प्रिंट माणूस चार-पाच फुटांवरून बघतो. उजव्या बाजूला मास्क करून `Texture` १५-२० द्या आणि ट्रायल म्हणून फक्त तेवढीच पट्टी छापून बघा.

पन्हाळ्याचा_पंत

आणि लेन्स दुरुस्त करायची की नवी घ्यायची?

शाहूपुरीची_सई

दुरुस्तीवाल्याने फोनवर जो आकडा सांगितला त्यात जुनी तशीच लेन्स येते. अजून ठरवलं नाही. आधी पट्टी छापून आणते, तालमीतल्या पोरांना चार फुटांवर उभं करून विचारते.